ऊसतोडीची उचल बुडाली: पोलिसांत गुन्हा दाखल करायचा की थेट कोर्टात खाजगी फिर्याद?

वाळवेकर
चुलत्याचा ट्रॅक्टर आहे, कारखान्याला ऊस वाहतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी ऊसतोडीची टोळी आणणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या एका मुकादमाला १२ कोयत्यांची, म्हणजे १२ जोड्यांची, आगाऊ उचल दिली, एकूण साडेबारा लाख. त्यातले नऊ लाख आरटीजीएसने गेले: २८ मे ला तीन, १६ जूनला चार आणि ५ जुलैला दोन. उरलेले साडेतीन लाख रोख, १४ जूनला नोटरी करार झाला त्या दिवशी. करारात सगळी रक्कम लिहिली आहे आणि मागे २४ मजुरांच्या आधारच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. हंगाम सुरू झाला, टोळी आली नाही, आता फोन बंद. पोलीस ठाण्यात गेलो तर "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" म्हणाले. एक वकील म्हणतात थेट मॅजिस्ट्रेटकडे खाजगी फिर्याद टाका. दुसरे म्हणतात एफआयआरच करून घ्या, खाजगी केसमध्ये म्हातारे व्हाल. काय करावं?

कायदा_कट्टा
ठाण्याने नाही म्हणणं बेकायदा आहे. ललिता कुमारी निकाल आहे, २०१३ चा, घटनापीठाचा. दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर घ्यावाच लागतो. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३(३) आहे, त्यात पोलिसांना १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, बस. १५ व्या दिवशी एफआयआर झालाच पाहिजे. निकालाची प्रत घेऊन जा आणि ठाणेदारासमोर ठेवा.

फौजदारी_बाजू
कट्टा, अर्धं बरोबर आहे. ललिता कुमारीतच म्हटलंय की व्यापारी व्यवहारातल्या तक्रारीत गुन्हा दिसतो का, एवढं बघायला प्राथमिक चौकशी करता येते. उचलीचं प्रकरण नेमकं त्यात बसतं, त्यामुळे निकाल टेबलावर ठेवला की ठाणेदार त्याच निकालातला तो परिच्छेद दाखवतो.

दुसरं, १७३(३) ची १४ दिवसांची चौकशी तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, तीही उपअधीक्षकाच्या परवानगीने. न्यायसंहितेचं ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, याला शिक्षा सात वर्षांपर्यंत. ते "सातपेक्षा कमी" मध्ये येत नाही. विश्वासघाताचं ३१६(२) पाच वर्षांचं आहे, ते येतं. अर्जात कोणतं कलम पुढे करता यावर पोलिसांना कोणती वाट मिळते ते ठरतं. आणि दोन्ही कलमं एकत्र ठोकून देऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की एकाच व्यवहारावर फसवणूक आणि विश्वासघात एकत्र नांदत नाहीत. फसवणुकीत हेतू पहिल्या दिवसापासून खोटा असतो. विश्वासघातात माल विश्वासाने सोपवलेला असतो आणि बुद्धी नंतर फिरते.

वाळवेकर, मार्ग कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी एक सांगा: हा मुकादम नवा होता का? मागच्या हंगामात तुमच्याकडे आला होता का? आणि याच टोळीवर दुसऱ्या कुणी उचल दिली आहे का?

सुलभा_ठाणे
मलाही हाच प्रश्न होता. सोसायटीतल्या शेजाऱ्याने पार्किंगवरून मारलं, ओठ फुटला. वॉचमनने पाहिलंय, सरकारी दवाखान्याचा दाखलाही आहे. पोलिसांनी फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, दिली. मी लगेच एफआयआरचा आग्रह धरला पाहिजे ना? मी १७३(४) ची पोलीस अधीक्षकांकडची तक्रार करू का?

रोजनामा
सुलभाताई, तुमचं वेगळं आहे. साधी दुखापत, ११५(२), अदखलपात्र आहे, म्हणून एनसी देऊन पोलीस चुकलेले नाहीत. तिथे एफआयआर न घेतल्याची तक्रार चालत नाही. तुम्हाला दोन वाटा. एक, कलम १७४(२) खाली मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा हुकूम घ्यायचा. दोन, सरळ खाजगी फिर्याद. तुमच्यासारख्या प्रकरणात दुसरी बरी, कारण शोधायचं काही उरलेलंच नाही. माणूस माहीत, पत्ता शेजारचा, सरकारी दवाखान्याचा दाखला हातात, पाहणारा वॉचमन आहे. फक्त मुदत बघा: या कलमाला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, म्हणून दखल घ्यायची मुदतही एक वर्ष. फिर्याद कोर्टात दाखल केल्याचा दिवस धरतात, त्यामुळे वर्षाच्या आत आवक शिक्का पडला की झालं.

वाळवेकर
@फौजदारी_बाजू मुकादम २०२४-२५ ला आमच्याकडेच होता. पूर्ण हंगाम केला, साठ हजार बाकी राहिली, ती या उचलीत वळती केली. दुसरं, शिरोळ तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरवाल्याचाही याच्याशी करार निघालाय, तोही फसलाय. आधारच्या झेरॉक्स आमच्याच २४ जणांच्या आहेत. त्याच्या कराराची तारीख २ जून. सोलापूरकडेही एक जण आहे म्हणतात, ३ जुलैचा करार, पण तो कागद बघितलेला नाही.

फौजदारी_बाजू
आता नीट बोलता येईल. गेल्या हंगामात त्याने काम पूर्ण केलंय, ही गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. पोलीस आणि नंतर त्याचा वकील दोघेही म्हणणार, जो माणूस एक हंगाम प्रामाणिकपणे करतो त्याचा पहिल्यापासून फसवायचा हेतू कसा? टोळी फुटली, मजूर पळाले, करार मोडला, म्हणजे दिवाणी. हे लपवू नका, कारण साठ हजारांची वळती करारातच दिसत असेल.

पण शिरोळचा २ जूनचा करार तुमचा खरा गुन्हा उभा करतो. १४ जूनला तुमच्याशी करार करताना तेच २४ मजूर त्याने आधीच दुसऱ्याला बांधून दिलेले होते आणि ते त्याने तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी तो काय देऊ शकत नव्हता हे त्याला माहीत होतं. सोलापूरच्या ३ जुलैच्या कराराने तुमचा हेतूचा मुद्दा तितका सिद्ध होत नाही. तो तुमच्यानंतरचा, त्यामुळे त्यात तुमच्यापेक्षा सोलापूरवाल्याची केस जास्त पक्की. तारखांचा क्रम उलटा असता तर मी तुम्हाला एफआयआरच्या मागे लागू नका, वसुलीचा दावा टाका असं सांगितलं असतं.

आणखी एक गाठ आहे. २८ मे चे तीन लाख शिरोळच्या कराराआधी गेलेत. तिथे फसवणूक दाखवणं अवघड. म्हणून अर्जात आकडे वेगळे मांडा: १४ जूनचे रोख साडेतीन, १६ जूनचे चार, ५ जुलैचे दोन, असे साडेनऊ लाख शिरोळची गोष्ट लपवून उकळले. तीन लाख पार्श्वभूमी म्हणून सांगा. सगळे साडेबारा एका दमात लिहिले की पहिल्याच आडव्या प्रश्नाला गडबड होते.

निवृत्त_अंमलदार
ठाण्याची बाजू सांगतो. असा अर्ज आला की तो "तक्रारी अर्ज" म्हणून आवक होतो, एखाद्या हवालदाराकडे चौकशीला जातो. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, मुकादम येत नाही, मग अर्जदाराला समजपत्र देतात, "प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याने योग्य त्या न्यायालयात दाद मागावी", आणि अर्ज निकाली. यात नेहमीच खोट असते असं नाही. गुन्हा दाखल केला की बीडला पथक पाठवायचं, २४ मजुरांचे जबाब घ्यायचे, आणि हंगामात असे पाच-सहा अर्ज टेबलावर असतात.

अर्ज दीड पानाचा करा. वकिलाने लिहिलेला, कलमांनी भरलेला वीस पानी अर्ज कोणी वाचत नाही. पहिल्या परिच्छेदात शिरोळचा करार आणि तारीख. "टोळी पाठवली नाही" या वाक्याने सुरुवात केली की वाचणाऱ्याने तिथेच दिवाणी ठरवलं. आणि ते समजपत्र मागून घ्या, जपून ठेवा. लोक रागाने फाडतात. पुढे कोर्टात पोलिसांनी नकार दिला हे दाखवायला त्यासारखा कागद नाही.

कायदा_कट्टा
मान्य. पण मग एवढं सगळं करण्यापेक्षा खाजगी फिर्याद सोपी नाही का? पोलिसांची गरजच नाही, मॅजिस्ट्रेट थेट समन्स काढेल.

रोजनामा
थेट नाही निघत. क्रम असा: फिर्याद, साक्षीदारांची यादी, कागदांची यादी, आणि जितके आरोपी तितके संच. मग फिर्यादीचा शपथेवर जबाब, साक्षीदार हजर असतील तर त्यांचेही. १ जुलै २०२४ पासून कलम २२३ मध्ये नवी पायरी आली: दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ मध्ये हे नव्हतं, समन्स मिळेपर्यंत आरोपीला खबर नसायची. कुशल कुमार अग्रवाल विरुद्ध ईडी या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये ही संधी न दिल्यामुळे दखलीचा हुकूमच रद्द केला. नोटीस जबाबाच्या आधी की नंतर यावर खालच्या कोर्टांत सगळीकडे एकच पद्धत नाही. कर्नाटक आणि केरळ उच्च न्यायालयं म्हणतात आधी जबाब, मग नोटीस.

वाळवेकरांच्या बाबतीत ही नोटीस बीडच्या पत्त्यावर जाणार आणि "घरी नाही" शेऱ्याने परत येणार. तारखांमागून तारखा यातच जातात.

पुढे कलम २२५. आरोपी कोर्टाच्या हद्दीबाहेर राहतो, म्हणून समन्स काढण्याआधी चौकशी सक्तीची. ती मॅजिस्ट्रेट स्वतः करतो किंवा पोलिसांकडून अहवाल मागवतो. मागवला तर बहुतेक वेळा तो त्याच ठाण्याकडे जातो ज्याने तुम्हाला परत पाठवलं.

फौजदारी_बाजू
आणि हा २२५ चा अहवाल म्हणजे तपास नव्हे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. रामदेव फूड प्रॉडक्ट्स, २०१५: या टप्प्यावर पोलीस अटक करू शकत नाहीत, कारण मॅजिस्ट्रेटला फक्त पुढे जायला आधार आहे का एवढंच ठरवायचं असतं. तपासाचा हुकूम हवा असेल तर तो कलम १७५(३) खाली, जुन्या १५६(३) च्या जागी.

माझं मत सांगतो. मी मार्ग निवडताना एकच बघतो: पुरावा कुणाकडे आहे. तुमच्याकडे तुमचा करार आणि बँकेचा उतारा आहे. शिरोळचा करार शिरोळवाल्याकडे आहे. पैसे मुकादमाच्या खात्यात आल्यावर कुठे गेले, मजुरांना खरंच उचल वाटली का, हे त्याच्या बँकेत आणि बीडच्या चार-पाच गावांत आहे. खाजगी फिर्यादीत बँकेचा उतारा कोर्टाकडून कलम ९४ खाली मागवता येईल, पण २४ मजुरांना कोण शोधणार आणि त्यांचे जबाब कोण घेणार? म्हणून इथे पोलीस तपास हवा. याच माणसाने तुम्हाला दिलेला चेक परत आला असता तर मी खाजगी फिर्याद म्हटलं असतं, कारण चेक न वटण्याच्या कलम १३८ मध्ये एफआयआरचा प्रश्नच नाही आणि सगळा पुरावा तुमच्या खिशात असतो.

वाळवेकर
चेक आहे! करारावेळी त्याच्या सहीचा एक कोरा चेक घेतलाय.

फौजदारी_बाजू
मग तो वेगळा मार्ग आहे, आणि हा वेळेचा आहे. रक्कम आणि तारीख भरून टाकलात तर तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत गेला पाहिजे. परत आल्याची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी, ती पोचल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. गोव्यातून गेलेल्या संजाबिज तारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं की १३८ ला २२३ ची ती आधीची नोटीस लागत नाही, म्हणजे तिथे वर सांगितलेला उशीर नाही. पण आकडा जपून भरा. देणं जितकं शिल्लक आहे त्यापेक्षा जास्त भरलात तर तोच त्याचा बचाव.

निवृत्त_अंमलदार
चेक बँकेत टाकायच्या आधी अर्ज ठाण्यात आवक करा. उलट केलंत तर ठाण्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "१३८ केलंय ना, मग आता काय?"

डोंगरकडा_बीड
सगळे ट्रॅक्टरमालकाच्याच बाजूने बोलताय. बीडकडून एक सांगतो. मुकादम पैसे खिशात घालून बसत नाही, ते पुढे कोयत्यांना वाटतो. एखादी जोडी जास्त उचल देणाऱ्याकडे पळते आणि मुकादम मधल्यामध्ये अडकतो. मग ट्रॅक्टरवाले गाडी भरून गावात येतात, माणूस उचलून नेतात, पोराला डांबून ठेवतात. एफआयआरची धमकी वसुलीसाठी वापरतात. कित्येकदा मुकादमच फसलेला असतो.

फौजदारी_बाजू
तुमचा मुद्दा तपासात महत्त्वाचा आहे. त्याने ९ लाख मिळाल्यावर मजुरांना वाटल्याचं बँकेत किंवा जबाबात दिसलं तर फसवणुकीची केस पातळ होते. पण तेच २४ मजूर दोनदा कसे बांधले, याला त्यातून उत्तर मिळत नाही. आणि माणूस डांबून ठेवणं गुन्हाच आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचल फेडायला जबरदस्तीने राबवलं तर उलट केस मालकावर बसते. वाळवेकर, कुणी "उचलून आणू" म्हणत असेल तर त्या माणसाला लांब ठेवा.

वाळवेकर
आमच्यात तसं कोणी नाही. आता क्रमाने सांगा, १७५(३) ला काय काय लागतं?

फौजदारी_बाजू
पहिली पायरी, ठाण्यात लेखी अर्ज, तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. पैसे तुमच्या गावातून गेलेत आणि बोलणं फोनवर झालंय, त्यामुळे तुमच्या ठाण्याला हद्द आहे. "बीडला जा" म्हणाले तर तसं समजपत्रात लिहून मागा.

दुसरी, १७३(४) प्रमाणे अर्जाचा सारांश पोलीस अधीक्षकांना टपालाने. पोस्टाची पावती आणि टपाल पोचल्याचा पोस्टाच्या वेबसाइटवरचा छापील उतारा दोन्ही ठेवा. कलमात किती थांबायचं ते लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी कोर्टात धावलात तर पायरी नावापुरती केली असं दिसतं. मी निदान पंधरा दिवस थांबायला सांगतो.

तिसरी, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र. प्रियांका श्रीवास्तव निकालाने २०१५ मध्ये ते सक्तीचं केलं आणि आता ते कलमातच आलंय. त्यात ठाण्याचा आवक क्रमांक, अधीक्षकांच्या टपालाचा क्रमांक, आणि याच विषयावर दुसरा अर्ज कुठे केलाय का, हे खरं लिहायचं. चेकची फिर्याद तोवर झाली असेल तर तीही लिहा. सर्वात जास्त अर्ज इथेच पडतात: अधीक्षकांची पायरी नाही, किंवा प्रतिज्ञापत्र ठोकळेबाज.

नंतर मॅजिस्ट्रेट ठाण्याचं म्हणणं मागवतो. तेही नव्या संहितेने घातलंय. ठाणे बहुधा "दिवाणी" म्हणूनच म्हणणं देईल. तिथे वकिलाने फक्त दोन करार शेजारी ठेवायचे, २ जून आणि १४ जून, आणि मजुरांच्या नावांवर बोट ठेवायचं. ओम प्रकाश आंबडकर प्रकरणात, जानेवारी २०२५, सुप्रीम कोर्टाने बजावलंय की अर्ज आला म्हणून यांत्रिकपणे तपासाचा हुकूम द्यायचा नाही. तेव्हा पोलीस तपासाशिवाय काय मिळणार नाही, हे अर्जात लिहा: मुकादमाच्या खात्याचा पुढचा माग आणि मजुरांचे जबाब.

कायदा_कट्टा
आणि अर्ज फेटाळला तर? संपलं?

रोजनामा
नाही. मॅजिस्ट्रेट त्याच अर्जाला फिर्याद धरून शपथेवर जबाब घेऊ शकतो, पुष्कळदा तसंच होतं. नाहीतर स्वतंत्र खाजगी फिर्याद टाकता येते, किंवा सत्र न्यायालयात पुनरीक्षण, मुदत ९० दिवस. पण खाजगी वाटेला लागलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही वॉरंट केस आहे, आणि पोलीस अहवालाशिवाय आलेली, म्हणून आरोप ठेवण्याआधीच तुमचा पुरावा नोंदवतात. म्हणजे शिरोळवाल्याला दोनदा पिंजऱ्यात यावं लागू शकतं, आणि आणायची जबाबदारी तुमची, सरकारी वकील नसतो. समन्स निघाल्यावर त्याचा भत्ता भरला नाही तर फिर्याद काढून टाकतात. फिर्यादी तारखांना गेला नाही तर कलम २७२ खाली ३० दिवसांची संधी देऊन आरोपीला सोडू शकतात.

निवृत्त_अंमलदार
एफआयआर झाला म्हणजे उद्या बेड्या, असंही समजू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी ३५(३) ची नोटीस देऊन बोलावतात. आणि शेवटी ठाण्याने तपास बंद करायची "क" समरी पाठवली, म्हणजे तक्रार गैरसमजातून किंवा दिवाणी, तर कोर्टातून तुम्हाला नोटीस येते. ती आली की घरी ठेवून बसू नका. हरकतीचा अर्ज द्या. मॅजिस्ट्रेट समरी नाकारून पुढे जाऊ शकतो. "ब" समरी आली तर मात्र खोटी फिर्याद असं म्हणणं आहे, तेव्हा वकिलाशिवाय जाऊ नका.

वाळवेकर
शिरोळवाल्याला बरोबर घेऊन एकच गुन्हा दाखल करू का? त्याचेही सात लाख गेलेत.

निवृत्त_अंमलदार
एकच करा. रक्कम मोठी दिसते, वरिष्ठ लक्ष घालतात.

फौजदारी_बाजू
मी वेगळे म्हणेन. त्याचा करार २ जूनचा, म्हणजे पहिला. त्या दिवशी मुकादमाने टोळी अजून कुणाला दिलेली नव्हती, निदान करार तरी तसा दिसत नाही. त्याचा गुन्हा कमकुवत आहे आणि तुमच्याबरोबर जोडला तर तुमचाही दिवाणी रंगाचा होईल. त्याला तुमच्या केसमध्ये साक्षीदार ठेवा, त्याचा करार आणि जबाब जोडा. अंमलदारसाहेब म्हणतात त्यात व्यवहाराचा अनुभव आहे, नाही म्हणत नाही.

वाळवेकर
तो साक्षीला तयार होईल का ते बघतो. त्याचा मूळ करार मुकादमाकडेच आहे, शिरोळवाल्याकडे नोटरीची प्रत आहे फक्त.

रोजनामा
नोटरीच्या नोंदवहीत क्रमांक आणि सह्या असतात. करारावरच्या शिक्क्यात तो क्रमांक असेल, आजच लिहून ठेवा.